मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीचा मेल

भाचीचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. पुण्यात खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सकाळी दहापासून तिच्या मुलाखती चालल्या होत्या. पाच राउंड, मध्ये पाऊण तास जेवण. आवाज पार बसला होता. "मावशी, बरं झालं असं वाटतंय," ती म्हणाली, "पण एक विचारायचं राहूनच गेलं. आणि त्या सगळ्यांना थँक यू म्हणायला हवं का गं? माझ्याकडे तर एकाचाही मेल आयडी नाही."

माझ्याआधी तिने सांगलीला घरी फोन केला होता. तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "काही पाठवू नकोस, वशिला लावल्यासारखं दिसेल."

भाऊजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत खाली एक ओळ हमखास असते. निवडीसाठी कोणत्याही मार्गाने दबाव किंवा शिफारस आणली, तर उमेदवार अपात्र ठरेल, अशा अर्थाची. मुलाखत मंडळासमोर बसायचं, उठायचं, आणि यादी लागेपर्यंत गप्प राहायचं, ही तिथली रीत आहे आणि ती योग्य आहे. जिथे हजारो उमेदवारांना एकाच मापाने मोजायचं असतं, तिथे मंडळातल्या कुणालाही परस्पर गाठणं चूकच. त्यामुळे आयोगाची मुलाखत असो किंवा सार्वजनिक बँकेची, तिथे आभाराचा मेल पाठवू नये. ज्या घरांनी दोन पिढ्या अशाच नोकऱ्या पाहिल्या, तिथे मुलाखतीनंतरचं मौन हीच सभ्यता मानली गेली.

खासगी कंपनीत मात्र एक माणूस मुद्दाम मधे उभा केलेला असतो. त्याला रिक्रूटर म्हणतात. मी पुण्यात सोळा वर्षं हेच काम केलं, म्हणून भाऊजींच्या शंकेचं उत्तर मला नेमकं देता येतं. पॅनेलवरच्या माणसाला परस्पर गाठलं तर ते वशिल्याच्या वाटेवरचं पाऊल होतं. तेच रिक्रूटरच्या हातून, उघड, लेखी आणि सगळ्यांना एकदम पोचवलं, तर त्यात लपवाछपवीला जागाच राहत नाही.

हे नीट कळायला उमेदवार गेटबाहेर पडल्यावर आत काय होतं ते माहीत हवं. मुलाखत घेणारा प्रत्येक जण आपला अभिप्राय स्वतंत्रपणे लिहितो. ही नोंद भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते. काय विचारलं, उमेदवाराने काय सांगितलं, कुठे अडखळला, कुठे चमकला, आणि शेवटी घ्यावं की घेऊ नये. अनेक ठिकाणी आपलं लिहून होईपर्यंत दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये असा नियम असतो. अॅमेझॉनची पद्धत याबाबत प्रसिद्ध आहे. तिथे 1999 पासून 'बार रेझर' नावाची भूमिका आहे. भरती करणाऱ्या टीमबाहेरचा, खास तयार केलेला एक जण पॅनेलवर बसतो आणि निवडीची पातळी खाली येऊ देत नाही. तिथेही प्रत्येकाने आधी स्वतःचं लिहायचं, मग इतरांचं वाचायचं, आणि मग सगळ्यांनी बसून चर्चा करायची. एकाच्या मताची सावली दुसऱ्यावर पडू नये, हा त्यामागचा हेतू.

यातून एक गोष्ट उघड होते आणि ती मी उमेदवारांपासून कधी लपवली नाही. आभाराच्या मेलने नकाराचा होकार होत नाही. मेल पोचेपर्यंत बहुतेकांचे अभिप्राय लिहून झालेले असतात, आणि नसले तरी मेलमध्ये काय लिहिलंय हा त्यांचा निकष नसतो. उलट वाईट मेलने मात्र अडचण होऊ शकते, त्याबद्दल पुढे येतंच. मग पाठवायचा कशाला? पाच माणसांनी आपल्यासाठी एकेक तास दिला, वर बसून अभिप्राय लिहिला, त्याची पोच द्यायला, हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण माझ्या मते जास्त वजनाचं आहे. दिवसभर कंपनीने तुम्हाला प्रश्न विचारले. तुमचा जो एक प्रश्न राहिला, तो विचारण्याची रीतसर जागा म्हणजे हाच मेल.

भाचीला मी पहिलं हे विचारलं की मुलाखतीचं बोलावणं कोणत्या पत्त्यावरून आलं होतं. पत्ता कंपनीचाच होता. म्हणजे रिक्रूटर कंपनीतला. हे तपासावं लागतं, कारण पुष्कळ जागा प्लेसमेंट कन्सल्टन्सीमार्फत भरल्या जातात आणि आपण ज्यांना 'कंपनीचे एचआर' समजतो ते प्रत्यक्षात बाहेरचे असतात. मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे काय आहे ते पाहिलं की कळतं. कन्सल्टन्सीने पाठवलं असेल, तर आभार आणि प्रश्न त्यांच्याकडूनच जावेत. उमेदवार जॉइन झाला की त्यांची फी निघते, आणि उमेदवार त्यांना वगळून कंपनीशी बोलू लागला की कंपनी आणि कन्सल्टन्सी दोघांनाही अवघड होतं. क्वचित दोन्ही असतात, बाहेरचा आणि आतला. ज्याने मुलाखतीच्या वेळा ठरवल्या, त्याला मेल करायचा आणि दुसऱ्याला सीसीमध्ये ठेवायचं.

पॅनेलचे पत्ते दिले नाहीत यात अपमान नाही. ते मुद्दामच दिले जात नाहीत. पण मुलं लिंक्डइनवर जातात. नाव माहीत असतं, फोटो ओळखू येतो, मग थेट मेसेज. मी पॅनेलवरच्या माणसांकडून असे मेसेज कितीदा तरी पाहिले आहेत, कारण ते मलाच पाठवून विचारायचे, "याला काय उत्तर देऊ?" आणि माझं उत्तर ठरलेलं, काही देऊ नका. निकाल लागायच्या आधी मुलाखतकाराने उमेदवाराशी खासगीत बोलणं दोघांनाही बाधतं. म्हणजे मुलाने आपुलकीने मेसेज केला, समोरच्याने वाचला, उत्तर आलं नाही, आणि मुलाने त्याचा अर्थ 'नापास' असा लावून रात्र काढली. त्या शांततेचा निकालाशी काहीही संबंध नव्हता.

दुसरा प्रश्न मी भाचीला विचारला तो टिपणांचा. प्रत्येक राउंडनंतर दोन शब्द लिहून ठेवलेस का? तिने ठेवले होते, मोबाइलच्या नोट्समध्ये. दिवसभर पाच अनोळखी माणसं भेटली की संध्याकाळपर्यंत चेहरे आणि विषय एकमेकांत मिसळतात. दोन राउंडच्या मधल्या पाच मिनिटांत नाव, विषय आणि एखादी लक्षात राहिलेली गोष्ट टिपून ठेवली तर मेल अर्ध्या तासात होतो. तिची टिपणं अशी होती. पहिला राउंड, कोडिंग, शांत माणूस, चूक सापडेपर्यंत थांबला. दुसरा, सिस्टिम डिझाइन, फळ्यावर रांगेची आकृती, 'संदेश दोनदा आला तर?' तिसरा, दुसऱ्या टीमच्या बाई, भांडण मिटवल्याचं उदाहरण विचारलं. चौथा, मॅनेजर, ऑन-कॉलचा विषय निघाला आणि वेळ संपला. पाचवा, एचआर, नोटीस पीरियड. चौथ्या ओळीतच तिचा राहिलेला प्रश्न होता.

नावांपैकी एक तिला खात्रीने आठवत नव्हतं. अशा वेळी अंदाजाने नाव लिहू नये. 'सिस्टिम डिझाइनच्या राउंडमध्ये ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना' असं लिहिलं तरी रिक्रूटरला बरोबर कळतं, कारण वेळापत्रक त्यानेच केलेलं असतं. चुकीच्या नावाचे आभार मात्र त्या माणसापर्यंत पोचतात तेव्हा त्यातला अर्थ निघून गेलेला असतो.

तिने पहिला मसुदा मला वाचून दाखवला. तो चार परिच्छेदांचा होता. सुरुवातीला 'आदरणीय सर आणि मॅडम', मग 'मला ही सुवर्णसंधी दिल्याबद्दल मी आपली आयुष्यभर ऋणी राहीन', मग स्वतःची पात्रता पुन्हा एकदा, आणि शेवटी चार प्रश्न. ऑन-कॉल कसा असतो, आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल, निकाल कधी कळेल, आणि 'माझी मुलाखत कशी झाली?'

या भाषेमागे आपली एक सवय आहे. मराठी घरात आपण आपल्या माणसांचे आभार मानत नाही. आईने ताट वाढलं म्हणून 'धन्यवाद' म्हटलं तर ती चमकून बघेल. आभार ही आपल्याकडे व्यासपीठावरची गोष्ट, हार, श्रीफळ आणि आभारप्रदर्शन. म्हणून परक्याला आभाराचं लिहायला घेतलं की लेखणी आपोआप सत्कार समारंभात जाते. एक तर काहीच लिहायचं नाही, नाहीतर ऋणी व्हायचं. मधली साधी वाट सापडत नाही. ती वाट अशी, की समोरच्याने नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. 'दुसऱ्या राउंडमध्ये एकच संदेश दोनदा आला तर काय, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत पुरला.' यात ऋण नाही, स्तुती नाही, आणि हे वाक्य त्या एकाच माणसाला लागू पडतं.

पात्रता पुन्हा सांगणारा परिच्छेद काढला. ती पाच जणांनी पाच तास तपासली होती.

राहिले चार प्रश्न. रिक्रूटरच्या बाजूने बघा. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक जागांची भरती चालू असते. एका मेलमध्ये चार प्रश्न आले, की त्यांतल्या दोनांची उत्तरं त्याला माहीत असतात, एक मॅनेजरला विचारावा लागतो आणि एकाचं उत्तर देता येत नाही. मग तो म्हणतो, ऑफर निघाली तर फोनवरच बोलू, आणि मेल बाजूला पडतो. मी स्वतः असे मेल बाजूला ठेवले आहेत. एकच प्रश्न असला, आणि तो उचलून जसाच्या तसा मॅनेजरला पाठवण्यासारखा असला, तर ते काम एका मिनिटाचं होतं. म्हणून प्रश्न एक.

कोणता ठेवायचा, हे ठरवायला आम्ही चारही प्रश्न एकेक करून बघितले. 'माझी मुलाखत कशी झाली?' हा सगळ्यांत आधी गेला. त्या टप्प्यावर याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. चर्चा झालेली नसते, आणि झाली असली तरी मंजुरीआधी रिक्रूटर बोलू शकत नाही. हा प्रश्न मेलमध्ये आला की एक अवघडलेलं 'लवकरच कळवू' एवढंच परत येतं. निकाल कधी, हे एचआरने पाचव्या राउंडमध्येच सांगितलं होतं. आठवडाभरात, असं. थकव्यामुळे ती विसरली होती. टिपण पाहिल्यावर आठवलं. ऑफिसला किती दिवस यायचं हे जाहिरातीतच लिहिलेलं होतं, तीन दिवस. जे जाहिरातीत आहे ते विचारलं, तर जाहिरात वाचली नाही एवढंच समोरच्याला कळतं.

उरला ऑन-कॉलचा. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. पैशांचे व्यवहार किंवा तिकिटं अशा सेवा रात्रीबेरात्री बंद पडल्या, तर त्या उठून दुरुस्त करायला टीममधल्या एकाची पाळी असते. पाळी बहुधा आठवड्याची असते. त्या आठवड्यात फोन चालू ठेवायचा, लॅपटॉप जवळ ठेवायचा, आणि सूचना वाजली की ठरलेल्या मिनिटांत कामाला लागायचं. चौथ्या राउंडमध्ये मॅनेजर म्हणाले होते, "आमच्याकडे ऑन-कॉल आहे, पण फार त्रास नाही." पुढे काही विचारणार तेवढ्यात एचआरची माणसं दारात आली.

'फार त्रास नाही' याचा अर्थ टीममध्ये किती माणसं आहेत यावर ठरतो. पाळी दोघांतच फिरत असेल, तर वर्षाच्या 52 आठवड्यांपैकी 26 आठवडे एकाच्या वाट्याला येतात. चौघांत फिरत असेल तर 13. आणि भाची महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार सांगलीला जाते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यात खंड नाही. पुणे ते सांगली साधारण सव्वादोनशे किलोमीटर, एसटीने पाच तासांच्या आसपास. घाटात रेंज जाते. पाळीच्या आठवड्यात हा प्रवास होणार नाही. म्हणजे 26 आठवडे असतील तर या नोकरीला हो म्हणताना तिला घरचा विचार वेगळा करावा लागणार, 13 असतील तर पाळीची अदलाबदल करून जमणार. उत्तरावर तिचा निर्णय खरोखर हलणार होता. मेलमध्ये ठेवायच्या प्रश्नाची माझी कसोटी हीच आहे. उत्तर काहीही आलं तरी मी जॉइन होणारच असेन, तर तो प्रश्न जॉइन झाल्यावर विचारावा.

पगाराचं का नाही, असं तिने विचारलं. निर्णय त्यावरही ठरतो, हे खरं. पण हा मेल पुढे पॅनेलकडे जाणार आहे. आभार पॅनेलला आणि पगार रिक्रूटरला, हे एका कागदावर बसत नाही. पगाराचं बोलणं निवड झाल्याचं कळल्यावर, रिक्रूटरशी, फोनवर सुरू करावं. मग लेखी घ्यावं.

आता प्रश्नाची घडण. 'ऑन-कॉल कसा असतो?' असं विचारलं तर पुन्हा 'फार त्रास नाही' हेच उत्तर येणार. उत्तरात आकडा यावा असा प्रश्न हवा. शिवाय मॅनेजर तो दोन दिवसांनी, दहा कामांच्या गर्दीत वाचणार. त्याला चौथ्या राउंडमधलं बोलणं आठवायला लागू नये. म्हणून संदर्भ प्रश्नातच द्यायचा.

मेल इंग्रजीत गेला, कारण कंपनीचा सगळा व्यवहार इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत असा होतो. रिक्रूटर बाईंना त्यांच्या नावाने नमस्कार, आणि मग:

"कालचा दिवस नीट आखल्याबद्दल तुमचे आभार. पाच राउंड एकामागून एक होते, तरी कुठे ताटकळावं लागलं नाही. माझे आभार कृपया पॅनेलमधल्या सगळ्यांपर्यंत पोचवाल का? कोडिंगच्या राउंडमध्ये माझी चूक मलाच सापडेपर्यंत वेळ दिला गेला, ते मला फार मोलाचं वाटलं. सिस्टिम डिझाइनमधला, एकच संदेश दोनदा आला तर काय, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत पुरला. तिसऱ्या राउंडमध्ये दोन टीममधल्या मतभेदांवर झालेलं बोलणंही लक्षात राहील.

एक गोष्ट विचारायची राहिली. मॅनेजरसोबतच्या राउंडमध्ये ऑन-कॉलचा उल्लेख झाला, पण वेळ संपली. सध्या ही पाळी किती जणांमध्ये फिरते, आणि सूचना आल्यावर किती मिनिटांत काम सुरू करणं अपेक्षित असतं? हा प्रश्न त्यांच्याकडे पाठवता आला तर बरं होईल. घाई नाही, पुढच्या टप्प्यावर कळलं तरी चालेल."

खाली नाव, फोन नंबर आणि जागेचा क्रमांक. संपलं.

प्रश्न एक म्हणालात आणि प्रश्नचिन्हाआधी दोन गोष्टी विचारल्यात, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण दोन्ही एकाच माणसाला, एकाच विषयावर, एका ओळीत सांगता येतात. एक प्रश्न म्हणजे उत्तर देणाऱ्याचं एकदाच उठणं.

'घाई नाही' हे वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. ते नसेल तर प्रश्नाला अटीचा वास येतो, जणू उत्तर आल्याशिवाय मी पुढे येणार नाही. आणि प्रश्नाचा परिच्छेद आभारांपासून वेगळा ठेवला. एकत्र केलं की आभार हे प्रश्नाचं तोंडी लावणं वाटतं, आणि रिक्रूटरला प्रश्न तेवढा कापून पुढे पाठवता येत नाही.

पाठवण्याची तऱ्हाही महत्त्वाची. नवा मेल सुरू न करता वेळापत्रकाच्या जुन्या मेललाच उत्तर द्यावं. त्याच्या विषयात जागेचा क्रमांक असतो आणि रिक्रूटरला उमेदवार शोधावा लागत नाही. मात्र Reply all दाबण्याआधी सीसीत कोण आहे ते वाचावं. वेळा जुळवणाऱ्या कोऑर्डिनेटर असतील तर राहू द्यावं, दिवस त्यांनीच उभा केलेला असतो. कधी पॅनेलचे पत्ते चुकून त्या साखळीत राहिलेले असतात. ते सापडले म्हणून वापरू नयेत.

वेळेचं म्हणाल तर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. चर्चेची बैठक बहुतेक ठिकाणी पुढच्या काही दिवसांत होते आणि मेल तिच्या आधी पोचला तर प्रश्न मॅनेजरला त्याच बैठकीत विचारला जाऊ शकतो. भाचीने रात्री साडेदहाला लिहिला. दमलेल्या डोळ्यांनी पाठवू नकोस म्हटलं. जीमेलमध्ये Schedule send आहे, सकाळी साडेनऊची वेळ लावून ती झोपली. सकाळी नऊला पुन्हा वाचला तेव्हा रिक्रूटर बाईंच्या नावात एक अक्षर कमी सापडलं.

हा मेल जसाच्या तसा पॅनेलकडे जाऊ शकतो, हे लिहिताना सतत ध्यानात ठेवावं. रिक्रूटरशी सूर जुळला म्हणून 'तिसऱ्या राउंडवाले जरा तिरसट वाटले' असं मोकळेपणाने लिहिलेला मेल मी पाहिला आहे. आमच्यातल्या एका नवख्याने तो न वाचताच पुढे पाठवला होता.

खरी तक्रार असेल तर तिची वाट निराळी. मुलींना आजही विचारलं जातं, लग्न कधी, मुलं कधी, नवरा पुण्यातच आहे ना. असं झालं असेल तर ते आभारांत गुंडाळू नका आणि गिळूही नका. रिक्रूटरला वेगळा मेल करा, कोणत्या राउंडमध्ये कोणता प्रश्न आला ते शब्दशः लिहा. त्या मेलमध्ये दुसरं काहीही नको.

चुकलेल्या उत्तराचं काय, हेही मला नेहमी विचारलं जातं. घरी आल्यावर बरोबर उत्तर सुचतं आणि ते मेलमध्ये लिहून पाठवावंसं वाटतं. पाठवू नये असं माझं मत आहे. पॅनेलने तुम्हाला त्या तासात कसा विचार करता ते पाहिलं, घरी बसून काय सुचलं ते मोजण्याची त्यांच्याकडे जागा नाही. याला अपवाद एकच. तुम्ही वस्तुस्थितीच चुकीची सांगितली असेल, म्हणजे नोटीस पीरियड 90 दिवसांचा असताना 60 म्हणालात, किंवा एखाद्या प्रकल्पावर होतात ते वर्ष चुकलं, तर ते लगेच आणि लेखी दुरुस्त करायलाच हवं. नंतर कागदपत्रांच्या तपासणीत ते निघतं, आणि तेव्हा ती चूक कुणी चूक मानत नाही.

भाचीला रिक्रूटर बाईंचं उत्तर त्याच दिवशी दुपारी आलं. दोन ओळींचं. आभार पोचवले, प्रश्न मॅनेजरना पाठवला. पुढे दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचं उत्तर बाईंनी खाली चिकटवून पाठवलं. पाळी सध्या चौघांत फिरते, नवीन माणूस पहिले तीन महिने एकट्याने पाळी घेत नाही, आणि सूचना आल्यावर 15 मिनिटांत लॅपटॉपसमोर असणं अपेक्षित आहे. त्याच मेलमध्ये त्यांनी हेही लिहिलं होतं की घरी जायचं असेल तर पाळी आपसात बदलता येते, फक्त आधी सांगावं.

हे उत्तर आलं नसतं तर? मेल पाठवून उत्तर न येणं अगदी नेहमीचं आहे. कंपनीने निकालाची जी तारीख सांगितली ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेले, की त्याच साखळीत दोन ओळींची आठवण करावी, एकदाच. त्यात निकालाचं विचारावं, प्रश्न पुन्हा लिहू नये, तो खाली दिसतोच. ऑफरचा फोन आला तर त्या फोनवर प्रश्नाचं उत्तर घ्यावं आणि ते मेलवर पाठवायला सांगावं. उत्तर मिळण्याआधी ऑफरवर सही करू नये.

भाचीचा निकाल नवव्या दिवशी लागला. निवड झाली. ती मेलमुळे झाली नाही, हे मी तिला सांगितलं आणि भाऊजींनाही. भाऊजींनी मेल वाचायला मागितला. चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे सगळ्यांसमोर वाचता येईल असं आहे. मग ठीक."

ऑफर लेटर सात पानांचं होतं. पगार, भविष्यनिर्वाह निधी, गोपनीयता, 90 दिवसांचा नोटीस पीरियड, सगळं होतं. ऑन-कॉलचा शब्दही नव्हता. पाळी किती जणांत फिरते हे तिच्याकडे लेखी एकाच ठिकाणी होतं, त्या मेलच्या साखळीत. ती साखळी तिने पीडीएफ करून ऑफर लेटरसोबत ठेवली आणि मग सही केली.

चौथ्या महिन्यात पाळीच्या तक्त्यावर पाच नावं होती. पाचवं तिचं.